सॉटूथ तरंगावरून π²/6 : श्रेणी टोकाला चुकते, तरी बेरीज अचूक कशी येते?

दोलक

1 + 1/4 + 1/9 + 1/16 + … या बेरजेचे उत्तर π²/6 आहे हे ऑयलरने १७३५ साली दाखवले. फूरिये श्रेणी शिकवताना हेच उत्तर सॉटूथ तरंगावरून चार ओळींत काढून दाखवले जाते. त्या चार ओळी मला येतात, पण त्यांतल्या एका बरोबरच्या चिन्हाने माझे समाधान होत नाही.

−π ते π या अंतरात f(x) = x घ्यायचे आणि हाच सरळ चढ दर 2π ला पुन्हा सुरू होतो असे मानायचे. f विषम असल्यामुळे कोसाइनची पदे येत नाहीत आणि श्रेणी अशी मिळते:

x = 2 ( sin x − sin 2x/2 + sin 3x/3 − … )

म्हणजे n व्या पदाचा सहगुणक चिन्ह सोडल्यास 2/n आहे. आता पार्सेव्हलचे सूत्र लावले, तर (1/π)∫x² dx बरोबर सर्व सहगुणकांच्या वर्गांची बेरीज. डावी बाजू 2π²/3 येते, उजवी 4(1 + 1/4 + 1/9 + …). चारने भागले की π²/6.

माझी शंका अशी. x = π येथे तरंग π वरून −π वर कोसळतो, आणि तेथे श्रेणीतील प्रत्येक पद शून्य असल्यामुळे श्रेणीची बेरीज 0 येते. त्याहून वाईट म्हणजे, कड्याच्या अगदी अलीकडे आंशिक बेरीज मूळ रेषेच्या वर उसळते, आणि पदे कितीही वाढवली तरी ती उसळी कमी होत नाही. मी पहिली १० पदे घेऊन आलेख काढला. x = 10π/11 येथे रेषेची उंची सुमारे २.८६ असायला हवी, तर आंशिक बेरीज सुमारे ३.४१ आली. जी श्रेणी फलनाला नीट चिकटतच नाही, तिच्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज फलनाच्या वर्गाच्या संकलनाशी तंतोतंत जुळते, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? थोडेसे कमी पडत असेल, असे का नाही?

विषमपद

तुमची शंका योग्य दिशेने आहे, आणि मला तर वाटते की उत्तरच अंतरावर अवलंबून आहे. −π ते π ऐवजी 0 ते 2π हे अंतर घेऊन पाहा. तेथेही f(x) = x घेतले, तर साइनच्या पदांचे सहगुणक −2/n येतात, म्हणजे वर्ग तेच, 4/n². पण (1/π)∫x² dx आता 8π²/3 होते. चारने भागल्यावर बेरीज 2π²/3 येते, म्हणजे तुमच्या उत्तराच्या चौपट. एकाच श्रेणीची दोन उत्तरे येत असतील, तर पार्सेव्हलचे सूत्र अशा तुटक फलनांना सरसकट लावता येत नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

खडूफळा

विषमपद, सूत्राला दोष देण्याआधी उत्तराचा अदमास घेतला असता तर बरे झाले असते. 2π²/3 म्हणजे सुमारे ६.५८. पण दुसऱ्या पदापासून पुढे 1/n² हे 1/(n(n−1)) पेक्षा लहान असते, आणि 1/(n(n−1)) म्हणजे 1/(n−1) − 1/n असल्यामुळे त्यांची बेरीज एकात एक कापली जाऊन नेमकी 1 होते. म्हणून आपली बेरीज 2 च्या आतच असली पाहिजे, ६.५८ ला येथे जागाच नाही.

निसटला आहे तो स्थिर भाग. 0 ते 2π मध्ये x ची सरासरी शून्य नाही, π आहे, आणि तिथली श्रेणी x = π − 2( sin x + sin 2x/2 + … ) अशी आहे. त्या π चाही वर्ग हिशोबात येतो. सरासरीच्या भाषेत लिहू: x² ची सरासरी 4π²/3, त्यातून स्थिर भागाचा π² वजा केला की उरले π²/3, आणि साइनच्या पदांची सरासरी 2(1 + 1/4 + …). पुन्हा π²/6 च येते. तरंग वर किंवा खाली सरकवल्याने फक्त स्थिर पद बदलते.

आता दोलक यांचा प्रश्न, जो याहून खोल आहे. पहिल्या N पदांच्या आंशिक बेरजेला s म्हणू आणि चुकीच्या वर्गाचे संकलन काढू. साइनची पदे परस्परांना लंब असल्यामुळे सगळी मिश्र पदे गळून पडतात आणि उरते ते असे:

∫(x − s)² dx = 4π ( π²/6 − (1 + 1/4 + … + 1/N²) )

ही समानता प्रत्येक N साठी तंतोतंत खरी आहे. तिच्यात अनंताकडे जाणे नाही आणि श्रेणी फलनाला चिकटते की नाही याच्याशी तिला देणेघेणे नाही. येथे π²/6 हा आकडा केवळ x² च्या संकलनातून आला आहे. डावी बाजू ऋण असू शकत नाही, म्हणून बेरीज π²/6 च्या पुढे कधीच जाणार नाही, एवढे फुकट मिळाले. बेसेलची असमता म्हणतात ती हीच. दोलक यांची शंका आता नेमक्या शब्दांत मांडता येते: चुकीच्या वर्गाचे संकलन शून्याकडे जाते, की काही शिल्लक राहते?

दोलक

नेमके हेच विचारायचे होते. पण मग उसळीचे काय? कड्याजवळची चूक N वाढवूनही सुमारे ०.५६ च राहते. १० पदांना मी ती मोजली, १०० पदांनाही मोजली. फरक तिसऱ्या दशांश स्थळाच्या आसपास पडतो. चूक मरत नसेल, तर तिच्या वर्गाचे संकलन कसे मरेल?

खडूफळा

उंची मरत नाही, रुंदी मरते. N पदांच्या बेरजेचे शेवटचे शिखर कड्यापासून नेमके π/(N+1) इतक्या अंतरावर असते. तुमचा 10π/11 हा बिंदू त्याच नियमाने आला आहे. १०० पदांना ते शिखर कड्यापासून ०.०३१ वर येते. शिखराची उंची π कडे न जाता सुमारे ३.७०४ कडे जाते, म्हणजे ०.५६ ची उसळी कायमची. मूळ उडी 2π ची असल्यामुळे ही उसळी तिच्या सुमारे ९ टक्के आहे. मात्र ती ज्या पट्टीत राहते ती पट्टी 1/N च्या प्रमाणात आकसते. ठरावीक उंचीच्या वर्गाचे आकसत्या पट्टीवरचे संकलन शून्याकडेच जाणार.

पण एवढ्यावर थांबू नये, कारण चूक केवळ त्या पट्टीत नसते. कड्यापासून t अंतरावर, पट्टीच्या बाहेर, चूक जास्तीत जास्त 1/(Nt) च्या काही पटीत असते. तिचा वर्ग 1/(N²t²), आणि त्याचे 1/N पासून पुढचे संकलन पुन्हा 1/N च्या प्रमाणात येते. पट्टीच्या आतले 1/N आणि बाहेरचेही 1/N, तेव्हा एकूण चूक 1/N च्या वेगाने संपते.

आकड्यांत पाहायचे तर पहिल्या १० पदांची बेरीज १.५४९७६८ आहे आणि π²/6 म्हणजे १.६४४९३४. उरलेले ०.०९५१६६, म्हणजे तरंगाच्या एकूण वर्गसंकलनापैकी सुमारे ५.८ टक्के अजून पकडलेले नाही. १०० पदांना हेच प्रमाण ०.६ टक्के होते. उसळी जशीच्या तशी असताना शिल्लक दहापट आटली.

रिकामा_स्तंभ

धाग्यातील चर्चा वाचली. बेरीजच हवी असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? संगणकावर दहा लाख पदे मिळवली की १.६४४९३३ येते, आणि काम भागते.

खडूफळा

धागा किंमत काढण्याचा नाही, समानता सिद्ध करण्याचा आहे. तरी तुमच्या आकड्याबद्दल एक सांगतो: दहा लाख पदांनंतरही सहाव्या दशांश स्थळी एकाचा फरक आहे, कारण राहिलेली शेपूट जवळपास 1/N इतकी असते. शेपूट नुसती टाकून देण्याऐवजी 1/(N + 1/2) मिळवले, तर १० पदांतच १.५४९७६८ + ०.०९५२३८ = १.६४५००६ येते, म्हणजे चूक ०.०००१ च्या आत. दहा लाख पदांची गरज नाही.

अर्धमात्रा

मी गणिती नाही, इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, आणि हा धागा माझ्या एका जुन्या अडचणीशी जुळतो म्हणून लिहितो. सॉटूथ जनित्राच्या निर्गमाचे हार्मोनिक विरूपण मोजताना मूळ वारंवारतेच्या तुलनेत बाकी सगळ्या हार्मोनिकांचा भाग किती, हे उपकरण दाखवते. येथील सूत्रावरून हार्मोनिकांची शक्ती 1, 1/4, 1/9 अशी असल्यामुळे उत्तर √(π²/6 − 1), म्हणजे ८०.३ टक्के यायला हवे. उपकरण ७७.२ दाखवते. मी आजवर हा फरक उपकरणाच्या अचूकतेवर ढकलत होतो. दोलक म्हणतात तशी खरोखरच पार्सेव्हलमध्ये काही गळती असेल का?

खडूफळा

गळती नाही, पण तुमचा आकडा बोलका आहे. उपकरण किती हार्मोनिक मोजते ते पाहा. पहिल्या २० हार्मोनिकांपुरती 1/n² ची बेरीज १.५९६१६३ आहे, त्यातून एक वजा करून वर्गमूळ घेतले तर ०.७७२ येते. विसाव्याच्या पुढे काही मोजलेच नसेल, तर आदर्श सॉटूथही ७७.२ च दाखवेल. शेपूट 1/N ने म्हणजे फार सावकाश संपते, त्याची ही किंमत आहे.

मात्र दुसरेही एक कारण तेवढाच आकडा देऊ शकते. प्रत्यक्षातील तरंग क्षणात कोसळत नाही. उतरायला आवर्तकालाचा काही अंश लागतो. तो अंश d म्हणू. चढ आणि उतार दोन्ही सरळ असतील तर वर्गाची सरासरी जराही बदलत नाही, पण n वा सहगुणक 1/n च्या ऐवजी sin(nπd)/n² च्या प्रमाणात होतो. d फक्त १ टक्का असला तरी विरूपण, सगळी हार्मोनिके मोजूनही, ७८.३ वर येते, आणि दीड टक्क्याच्या आसपास असेल तर नेमके तुमचे ७७.२.

दोन्हींतून खरे कारण कोणते हे एकट्या ७७.२ वरून ठरत नाही. त्यासाठी विसावे हार्मोनिक स्वतंत्र वाचा. मर्यादा फक्त मोजणीची असेल तर ते मूळ हार्मोनिकाच्या ५ टक्के असेल. उतार दीड टक्क्याचा असेल तर ४.३ टक्क्यांच्या जवळ.

अर्धमात्रा

उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत हार्मोनिकांची संख्या निवडता येते असे आहे. आमच्याकडे ती किती ठेवलेली आहे ते पाहावे लागेल. जनित्राचा उतारही तात्काळ नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा दोन्ही कारणे एकत्र असणे अशक्य नाही. पण मग वाचन ७७.२ पेक्षाही खाली यायला हवे होते. विसावे हार्मोनिक वाचल्याशिवाय यावर अधिक लिहिणे योग्य नाही.

विषमपद

स्थिर पदाचा मुद्दा मान्य. पण मूळ प्रश्नाला मी वेगळ्या वाटेने जाईन, कारण मला वर्गांचे संकलन आणि लंबता ही सगळी यंत्रणा या कामासाठी जड वाटते. श्रेणीचे पदशः संकलन करा. 0 पासून x पर्यंत घेतले तर डावीकडे x²/2 येते आणि उजवीकडे प्रत्येक पद (1 − cos nx)/n² च्या रूपात येते:

x²/2 = 2 ( (1 − cos x) − (1 − cos 2x)/4 + (1 − cos 3x)/9 − … )

आता x = π ठेवा. सम n साठी कंस शून्य, विषम n साठी 2. म्हणून π²/2 = 4(1 + 1/9 + 1/25 + …), म्हणजे विषम संख्यांची बेरीज π²/8. सम संख्यांची बेरीज ही पूर्ण बेरजेच्या चतुर्थांश असते, कारण प्रत्येक सम संख्येच्या वर्गातून 4 बाहेर काढता येतो. म्हणून पूर्ण बेरजेचे तीन चतुर्थांश π²/8, आणि पूर्ण बेरीज π²/6. पार्सेव्हलचे नावही घ्यावे लागले नाही.

दोलक

वाट सुंदर आहे, पण माझी शंका येथेही तशीच उभी राहते. पदशः संकलन करण्यासाठी श्रेणी एकसमान अभिसारी असली की काही प्रश्न नसतो. ही श्रेणी तशी नाही. उसळीमुळे ती एकसमान अभिसारी असूच शकत नाही. शिवाय तुम्ही x = π ठेवता, म्हणजे संकलन नेमके त्या कड्यापर्यंत नेता. आणि जर पदशः संकलन बिनधास्त चालते, तर पदशः विकलनही का चालू नये? ते केले तर 1 = 2( cos x − cos 2x + cos 3x − … ) असे मिळते, आणि x = 0 ठेवल्यावर उजवीकडे 2(1 − 1 + 1 − …) उरते, ज्याला बेरीजच नाही.

खडूफळा

विकलन आणि संकलन यांत येथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकलनाने n व्या पदाला n ने गुणले जाते, 1/n चे 1 होते, आणि पदे शून्याकडे जाणेच थांबते. संकलनाने 1/n चे 1/n² होते आणि मिळणारी श्रेणी एकसमान अभिसारी होते. पण ती अभिसारी झाली म्हणून तिची बेरीज x²/2 च आहे असे सिद्ध होत नाही, आणि दोलक यांचा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर आहे. येथे हवे ते एवढेच की आंशिक बेरजेच्या चुकीचे क्षेत्रफळ शून्याकडे जावे. एकसमान अभिसरण त्याला पुरेसे असते, आवश्यक नसते.

हे क्षेत्रफळ सरळ मोजता येते, म्हणून कोणत्याही सामान्य प्रमेयाचा हवाला न देता पूर्ण सिद्धता लिहितो. सोयीसाठी कडा t = 0 वर आणू, म्हणजे t = π − x. सॉटूथचा अर्धा भाग (π − t)/2 हा होतो आणि त्याची श्रेणी sin t + sin 2t/2 + sin 3t/3 + … अशी, सर्व चिन्हे धन. ऑयलरच्या १७४४ च्या पत्रात हीच श्रेणी आढळते.

पहिल्या N पदांनंतरच्या चुकीला E(t) म्हणू. t = π येथे E शून्य आहे, आणि तिचे विकलन −(1/2 + cos t + cos 2t + … + cos Nt) आहे. कंसातील बेरीज sin((N+½)t) / (2 sin(t/2)) एवढी होते. ती sin(t/2) ने गुणली की पदे एकात एक कापली जातात. आता 1/2 + cos t + … + cos Nt या बेरजेला t ने गुणून 0 ते π संकलन करा. खंडशः संकलनाने हे E च्या 0 ते π मधील क्षेत्रफळाइतकेच आहे, म्हणजे आपल्याला हवे तेच. दोन रीतींनी काढू.

एका रीतीने, पदापदाने: पहिले पद π²/4 देते, आणि t cos kt चे संकलन विषम k साठी −2/k², सम k साठी 0. म्हणून उत्तर

π²/4 − 2 ( 1 + 1/9 + 1/25 + … N पर्यंतच्या विषम k )

दुसऱ्या रीतीने तेच g(t) sin((N+½)t) चे संकलन आहे, जेथे g(t) = t/(2 sin(t/2)). g ला 0 जवळ काही इजा होत नाही. ती 1 पासून π/2 पर्यंत नितळपणे वाढते. खंडशः संकलन करा. काठाचे पद π येथे शून्य होते, कारण (N+½)π चा कोसाइन शून्य असतो, आणि 0 येथे 1/(N+½) देते. उरलेल्या संकलनात g चे विकलन गुणिले कोसाइन, तेही भागिले (N+½); ते π/2 − 1 भागिले (N+½) पेक्षा मोठे होऊ शकत नाही. दोन्ही मिळून:

| π²/4 − 2 ( विषम k ची N पर्यंतची बेरीज ) | ≤ π/(2N+1)

N वाढवला की उजवी बाजू शून्याकडे जाते. विषम संख्यांची बेरीज π²/8, आणि तेथून विषमपद यांच्या शेवटच्या पायरीने π²/6.

पडताळणीसाठी N = 9 घ्या. 1 + 1/9 + 1/25 + 1/49 + 1/81 ही बेरीज १.१८३८६५ होते, दुप्पट २.३६७७३०. π²/4 म्हणजे २.४६७४०१. फरक ०.०९९७, आणि मर्यादा π/19, म्हणजे ०.१६५. फरक मर्यादेच्या आत आहे.

दोलक

आता समाधान झाले. शिखराची उंची π/(2N+1) या मर्यादेत कोठेच येत नाही. येतो तो फक्त क्षेत्रफळाचा हिशोब. मात्र एक निरीक्षण नोंदवतो. या सिद्धतेत सॉटूथची श्रेणी फलनाला कोठल्याही बिंदूवर अभिसारी आहे, हे वापरलेच नाही. मग ही सिद्धता सॉटूथची म्हणायची, की कोसाइनच्या बेरजेची?

विषमपद

माझ्या मते कोसाइनच्या बेरजेची. सॉटूथ येथे केवळ निमित्त आहे. शेवटच्या पानावर त्याचे नाव खोडले तरी एकही ओळ बदलत नाही.

खडूफळा

मला तसे वाटत नाही. त्या t ने गुणायचे कोणाला सुचले असते? तो t येतो तो सॉटूथच्या चुकीचे क्षेत्रफळ खंडशः काढताना. नाव खोडता येते, पण मग हेच संकलन का निवडले याचे कारणही त्याच्याबरोबर खोडले जाते. विषमपद आणि माझे यावर एकमत होईल असे दिसत नाही.

घनमूळ

मला एक पुढची कल्पना सुचते. x चे सहगुणक 1/n च्या प्रमाणात, आणि वर संकलन करून मिळालेल्या x² चे सहगुणक 1/n² च्या प्रमाणात. पार्सेव्हलचे सूत्र दोन वेगवेगळ्या फलनांच्या गुणाकारालाही लागू होते. मग x आणि x² यांचा गुणाकार करून संकलन केले, तर 1/n³ ची बेरीज हातात यायला हवी. असे असताना घनांच्या व्यस्तांच्या बेरजेला π मध्ये सूत्र सापडलेले नाही, असे का म्हणतात?

खडूफळा

कारण x च्या श्रेणीत केवळ साइन आहेत आणि x² च्या श्रेणीत, स्थिर पद सोडल्यास, केवळ कोसाइन. साइन आणि कोसाइन एकमेकांना लंब असतात, म्हणून सहगुणकांचे गुणाकार कधी भेटतच नाहीत. संकलनाच्या बाजूने पाहिले तरी x · x² म्हणजे x³, आणि −π ते π मध्ये त्याचे संकलन शून्य. दोन्हीकडे शून्य येते. सूत्र खरे ठरते, पण त्यातून काहीच निघत नाही. x² चा स्वतःशी गुणाकार केला तर मात्र 1/n⁴ ची बेरीज π⁴/90 लगेच मिळते. समघातांना ही वाट खुली आहे, विषमघातांना ती याच कारणाने बंद आहे.

घनमूळ

मग 1/n सहगुणक असलेली कोसाइनची श्रेणी वापरली तर? cos t + cos 2t/2 + cos 3t/3 + … हिलाही बंद रूप असेलच.

खडूफळा

आहे. 0 आणि 2π च्या मध्ये ती −ln(2 sin(t/2)) इतकी होते. हिला सॉटूथच्या संकलनातून आलेल्या वर्गफलनाने गुणून संकलन केले की 1/n³ ची बेरीज खरोखरच मिळते, पण ती वर्गफलन गुणिले लॉगरिदम अशा संकलनाच्या रूपात. सॉटूथच्या बाजूला सगळी बहुपदी होती, म्हणून तेथे संकलन शाळेतल्या नियमांनी सुटले. येथे लॉगरिदम मध्ये आला, आणि ते संकलन π च्या घातांत कोणालाही बसवता आलेले नाही. आपेरीने १९७८ साली ती बेरीज अपरिमेय असल्याचे दाखवले. तिचे π³ शी काही साधे नाते आहे की नाही, हे अजून खुले आहे.

दोनदा संकलन केलेल्या सॉटूथमध्ये, म्हणजे sin t + sin 2t/8 + sin 3t/27 + … या श्रेणीत, t = π/2 ठेवले तर 1 − 1/27 + 1/125 − … = π³/32 मिळते. घनांच्या बाबतीत सॉटूथ तेवढेच देतो, आणि तेही चिन्हे आलटून पालटून.